स्प्रिंगच्या दारानं आलेले साइन आणि कोसाइन

इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीचा पेपर ज्यांनी दिला आहे त्यांना हा प्रश्न झोपेतही ओळखू येईल. स्प्रिंगला वजन टांगलं आहे, त्याला तेलाचा डॅम्पर जोडला आहे, वजन थोडं खाली ओढून सोडलं. पुढं काय होईल? समीकरण असं:

m y″ + c y′ + k y = 0

m म्हणजे वस्तुमान, c म्हणजे डॅम्परचा विरोध, k म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा. रीतही पाठ असते. y″ च्या जागी r², y′ च्या जागी r आणि y च्या जागी 1 लिहायचा. मिळालेल्या वर्गसमीकरणाला आपल्याकडे ‘ऑक्झिलरी इक्वेशन’ म्हणतात. ते सोडवायचं आणि मुळं बघून उत्तराचा साचा निवडायचा. मुळं वास्तव आणि वेगळी असली तर दोन घातांकी पदं. मुळं सारखी असली तर त्यातल्या एका पदाला t नं गुणायचं. मुळं संमिश्र असली तर घातांकी पदाच्या जोडीला साइन आणि कोसाइन.

या तिसऱ्या साच्याचं मूळ शोधताना मला व्हिक्टर कॅट्झ या गणित-इतिहासकाराचा १९८७ सालचा एक लेख भेटला आणि माझी समजूत पार उलटी झाली. आपण असं धरून चालतो की साइन-कोसाइन कॅल्क्युलसमध्ये आधीपासून होते आणि स्प्रिंगच्या समीकरणाला उत्तर हवं होतं तेव्हा ते कपाटातून काढून वापरले गेले. कॅट्झ यांचं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. साइन आणि कोसाइन ही ‘फलनं’ म्हणून कॅल्क्युलसमध्ये रीतसर आली तीच मुळी १७३९ साली, आणि आली ती अशी स्थिर सहगुणकांची समीकरणं सोडवण्यासाठी. स्प्रिंगला उत्तर हवं होतं, म्हणून साइनला फलनाचा दर्जा मिळाला. मला हा दावा पटतो. तो का पटतो आणि त्याच्या आड काय काय येतं, हे सगळं इथं मांडतो.

आधीचे टप्पे थोडक्यात सांगून टाकतो. ताण जितका तितकं बल, हे रॉबर्ट हूकनं १६७६ साली अक्षरांची अदलाबदल करून कोड्यात लपवलं आणि १६७८ साली उघड केलं. न्यूटनचे गतीचे नियम १६८७ साली छापले गेले. या दोन गोष्टी एकत्र केल्या की डॅम्पर नसलेल्या स्प्रिंगचं समीकरण मिळतं. मग १६८७ ते १७३९ अशी पन्नासेक वर्षं काय अडलं होतं?

खरं तर उत्तर अडलं नव्हतं. उत्तर मिळत होतं, पण ते उलट्या बाजूनं. त्या काळचे लोक असं विचारायचे: वजन अमुक ठिकाणी पोचायला किती वेळ लागेल? म्हणजे जागा दिलेली आणि वेळ काढायची. त्यातून असं काहीतरी निघे:

dt = ds / √(a² − s²)

उजवीकडचं पद पाहिलं की कुणीही ओळखे, हा तर वर्तुळाच्या कंसाचा तुकडा. झालं उत्तर. वेळ ही कंसाची लांबी आणि जागा ही त्या वर्तुळातली एक रेघ. साइन म्हणजे तेव्हा खरोखरच रेघ होती. ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात काढलेली, कोष्टकात किंमत पाहायची अशी रेघ. तिच्या बदलाचे नियम ठाऊक होते. लायब्निट्झनं १६९३ साली तिची अनंत श्रेणी अशाच एका समीकरणातून काढून दाखवली होती. पण x, x², लॉगरिदम यांच्या पंगतीत तिला कुणी बसवलं नव्हतं. ‘t दिला की y मिळतो, आणि त्याला पुन्हा पुन्हा अवकलता येतं’ अशी स्वतंत्र वस्तू म्हणून ती लिहिलीच जात नव्हती. डॅम्पर नसलेल्या स्प्रिंगला हे चालून जातं. डॅम्पर लागला की जागेवरून वेळ काढण्याचा हा रस्ता भयंकर वाकडा होतो. वजन एकाच जागेवरून वेगवेगळ्या वेळी जातं, दर खेपेला वेगळ्या वेगानं, आणि उत्तर एका कंसात मावत नाही.

आता १७३९ साल. लिओनार्ड ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत होता, वय बत्तिशीच्या आतबाहेर. त्या वर्षी मार्चमध्ये त्यानं अकादमीपुढं ‘आंदोलनांचा एक नवा प्रकार’ अशा नावाचा निबंध ठेवला. प्रश्न असा: एखादी वस्तू स्वतःच्या लयीत हलते आहे आणि तिला बाहेरून दुसऱ्या एका लयीत बल मिळतं आहे, तर ती कशी हलेल? बाहेरचं बल लिहायला त्याला काळाबरोबर हेलकावणारं काहीतरी हवं होतं, म्हणून समीकरणातच त्यानं काळाचा साइन लिहिला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. साइन उत्तर म्हणून येण्याआधी प्रश्नाचा भाग म्हणून आला. प्रश्नातच तो काळाचं फलन झाला, तेव्हा उत्तर काढताना त्याला अवकलणं आणि संकलणं भागच पडलं. त्याच निबंधात ऑयलरला दिसलं की दोन्ही लयी जुळल्या तर हेलकावा t च्या प्रमाणात वाढत जातो. आज आपण याला अनुनाद म्हणतो. हा t लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

सप्टेंबरच्या १५ तारखेला ऑयलरनं बाझलला आपल्या म्हाताऱ्या गुरूला, योहान बर्नुलीला पत्र लिहिलं. योहान तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. पत्राचा आशय असा की, कितीही वरच्या क्रमाचं स्थिर सहगुणकांचं समीकरण एका दमात सोडवण्याची रीत आपल्याला सापडली आहे. अवकलांच्या जागी एका अक्षराचे घात ठेवायचे आणि बीजगणितातलं साधं समीकरण मिळवायचं. त्याचे अवयव पाडायचे आणि प्रत्येक अवयवामागे उत्तराचा एक तुकडा लिहायचा. एकघाती अवयवाला घातांकी पद. वास्तव अवयव पडत नाहीत अशा द्विघाती अवयवाला घातांकी पद गुणिले साइन-कोसाइनची जोडी. एम-थ्रीची चौकट ती हीच. पुढं १७४३ साली बर्लिनच्या अकादमीच्या संग्रहात ही रीत विस्तारानं छापून आली.

इथं अभ्यासकांमध्ये दोन मतं पडतात. बहुतेक पुस्तकं सांगतात की या रीतीचं मूळ स्प्रिंगमध्ये नसून लवचिक पट्टीत आहे. योहानचा मुलगा डॅनियल बर्नुली १७३५ साली ऑयलरला लिहीत होता की भिंतीत एक टोक पक्कं केलेली पट्टी थरथरते तेव्हा चौथ्या क्रमाचं समीकरण मिळतं: k⁴ y⁗ = y. ऑयलरनं सप्टेंबरच्या पत्रात उदाहरण दिलं तेही याच समीकरणाचं. चार मुळं, दोन वास्तव आणि दोन काल्पनिक. म्हणून दोन घातांकी पदं आणि एकेक साइन-कोसाइन. पुरावा भक्कम आहे. पण हे समीकरण १७३५ पासून ऑयलरच्या टेबलावर पडून होतं. चार वर्षं ते अनंत श्रेणीच्या पलीकडं सरकलं नाही, आणि १७३९ च्या मार्चनंतर सहा महिन्यांत सुटलं. मधे काय घडलं? साइन हे काळाचं फलन म्हणून लिहिण्याची सवय लागली. पट्टीनं प्रश्न दिला हे कबूल, पण उत्तराची भाषा हेलकाव्याच्या समीकरणानं दिली. ऑयलरनं तसं कुठं लिहिलेलं नाही. तारखांचा क्रम पाहून मी हे ठामपणे म्हणतो.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. साइनच्या, म्हणजे ज्येच्या, बदलाचं गणित आपल्याकडं फार जुनं आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये ज्यांची कोष्टकं दिली ती थेट ज्या म्हणून नव्हे, तर लगतच्या दोन ज्यांमधल्या फरकांच्या रूपात: २२५, २२४, २२२, २१९, २१५ असे सुरू होऊन शेवटी २२, ७. या फरकांमधले फरक घेऊन पाहा. सुरुवातीला १, २, ३, ४ असे लहान, शेवटी १५. ज्या जशी मोठी होते तसा हा दुसरा फरक तिच्या प्रमाणात मोठा होतो, आणि तो नेहमी वजाबाकीचा असतो. दुसरा फरक म्हणजेच, तुटक रूपातला, y″. तो y च्या प्रमाणात आणि उलट चिन्हाचा, म्हणजे हे डॅम्पर नसलेल्या स्प्रिंगचंच समीकरण, हूकच्या बाराशे वर्षं आधीचं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती काढताना ज्येच्या बदलाचा दर कोज्येच्या प्रमाणात घेतला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ काढला त्याचा तो. म्हणजे हे गणित आपल्याच खानदेशात शिकवलं जात होतं.

मग कॅट्झ यांचा दावा खोटा का? मला तसं वाटत नाही. आर्यभटाकडं ज्या आधी होती आणि दुसऱ्या फरकाचा नियम हा तिचं कोष्टक झटपट भरण्याचा मार्ग होता. भास्कराचार्यांकडंही ज्या वर्तुळातून आलेली होती. ‘असा नियम पाळणारी राशी कोणती?’ हा प्रश्न तिथं उभा राहिला नाही, कारण राशी हातातच होती. स्प्रिंगच्या बाबतीत वर्तुळ कुठंच नाही. फक्त नियम हातात आहे आणि राशी शोधायची आहे. त्या शोधाच्या शेवटी साइन भेटणं हे १७३९ चं नवेपण. नियमाचा मान आर्यभटाचा आणि प्रश्नाचा मान ऑयलरचा, असा माझा निवाडा आहे.

आता रीत प्रत्यक्ष चालवून पाहू, कारण पुढची गंमत त्याशिवाय कळणार नाही. १ किलोचं वजन, आणि स्प्रिंग अशी की १ मीटर ताणायला २५ न्यूटन बल लागावं. वजन १० सेंटिमीटर खाली ओढून अलगद सोडलं, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. डॅम्पर मात्र बदलता येतो. वर्गसमीकरण असं:

r² + c r + 25 = 0

घातांकी पदच का घ्यायचं, हे एका वाक्यात सांगता येतं. e^(rt) ला कितीदाही अवकललं तरी ते स्वतः तसंच राहतं आणि दर खेपेला फक्त एक r बाहेर पडतो, म्हणून अवकल समीकरणाचं बीजगणित होतं.

डॅम्पर हलका, c = ६ घेऊ. मुळं −3 ± 4i. यातला −3 हा विझण्याचा दर आणि 4 हा हेलकाव्याचा. विद्यार्थी या दोघांची अदलाबदल करतात. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे डॅम्पर काढून टाकला, c शून्य केला, तर काल्पनिक भाग उरला पाहिजे आणि वास्तव भाग गेला पाहिजे. उत्तर, सेंटिमीटरमध्ये:

y = e^(−3t) (10 cos 4t + 7.5 sin 4t)

७.५ हा आकडा वेग शून्य असण्याच्या अटीतून येतो. साइनचं पद गाळलं तर वजन सोडल्याक्षणीच वर निघालेलं दिसेल आणि ते चूक आहे. वजन सुमारे ०.५५ सेकंदाला मधली रेषा ओलांडतं, ०.७९ सेकंदाला पलीकडं ०.९५ सेंटिमीटरवर थांबून वळतं. प्रयोगशाळेत हाच हिशेब उलटा करतात. १० चं ०.९५ झालं, दोन्हींच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम २.३६ येतो, त्याला ०.७८५ सेकंदानं भागलं की ३ मिळतात; दुप्पट केलं की c = ६. डॅम्परवर काही लिहिलेलं नसलं तरी त्याचा c असा मोजता येतो.

मात्र इथं एक अट आहे. हे सगळं खरं ठरतं ते विरोध वेगाच्या प्रमाणात असेल तेव्हाच. दाट तेलातल्या सावकाश हालचालीत तो बहुधा तसा असतो. कोरड्या घर्षणात तसं नसतं. ओळखायचं कसं? लागोपाठच्या शिखरांची उंची मोजावी. त्यांचं गुणोत्तर स्थिर असेल तर आपलं समीकरण लागू आहे. गुणोत्तराऐवजी फरक स्थिर येत असेल, म्हणजे दर फेरीला उंची सारख्याच मिलिमीटरनं कमी होत असेल, तर कुठंतरी कोरडं घर्षण आहे आणि वर्गसमीकरणाची मुळं काढून उपयोग नाही.

आता डॅम्पर फार जड, c = २६. मुळं −1 आणि −25. उत्तर:

y = 10.42 e^(−t) − 0.42 e^(−25t)

दुसरं पद क्षणात मरतं आणि पहिलं रेंगाळतं. एका सेकंदानंतरही वजन ३.८ सेंटिमीटरवर आहे. डॅम्पर जड केला म्हणजे सगळं लवकर शांत होईल, ही समजूत इथं मोडते. −1 हे मूळ शून्याच्या जवळ सरकलेलं आहे, आणि उत्तर किती लवकर विझेल हे ज्याचा वास्तव भाग शून्याच्या सर्वांत जवळ आहे ते मूळ ठरवतं.

मधे c = १० असताना दोन्ही मुळं −5 वर येऊन एकमेकांना मिळतात. इथली चूक दर वर्षी होते:

y = A e^(−5t) + B e^(−5t)

दिसायला दोन पदं, पण खरं तर ते (A + B) e^(−5t) असं एकच पद आहे. सुरुवातीच्या अटी घालून पाहा: A + B = 10 हवं आणि −5(A + B) = 0 सुद्धा हवं. दोन्ही एकत्र शक्य नाही. साचा चुकला की अटी अशा आपापसांत भांडतात, आणि ही चूक पकडायची तीच खूण आहे. ऑयलरनं १७४३ च्या लेखात y = u e^(−5t) अशा धर्तीचं पद घेतलं आणि u काय असावा ते विचारलं. समीकरणात घातलं की सगळं छाटून u″ = 0 उरतं, म्हणजे u ही सरळ रेषा. त्यातून:

y = (10 + 50t) e^(−5t)

एका सेकंदाला ०.४० सेंटिमीटर. हलक्या डॅम्परनं त्याच क्षणी वजन पलीकडच्या बाजूला ०.६१ वर होतं, जड डॅम्परनं ३.८ वर. तिघांत हा डॅम्पर पहिला.

हा t आला कुठून, याचं उत्तर मुळं अगदी जवळ आणून पाहिलं की दिसतं. c = १०.०१ घ्या. मुळं साधारण −4.78 आणि −5.23. पहिला साचा वापरला तर सहगुणक येतात ११६.९ आणि −१०६.९. दहा सेंटिमीटरच्या ताणासाठी शंभराच्या वरचे दोन आकडे, एकमेकांना जवळपास खोडणारे! मुळं आणखी जवळ आणली तर हे आकडे अमर्याद वाढतात, पण त्यांची बेरीज मात्र शांत राहते. दोन जवळच्या घातांकी पदांची वजाबाकी भागिले मुळांमधला फरक, असं काहीतरी आतल्या आत तयार होत असतं. आणि मुळं एक झाली की ते r च्या संदर्भातलं अवकल होतं, म्हणजे t e^(rt). मार्चच्या निबंधातला अनुनादाचा t आणि हा t एकाच कुळातले. तिथं बाहेरची लय आणि आतली लय एकत्र आल्या, इथं स्वतःचीच दोन मुळं. एक व्यावहारिक गोष्टही यातून निघते. मोजलेल्या खऱ्या स्प्रिंगची मुळं कधीच तंतोतंत सारखी येत नाहीत. तेव्हा ती ‘जवळपास सारखी’ असली की t चा साचा वापरणंच सुरक्षित. पहिल्या साच्यात मोठे आकडे खोडताना दशांशातले अंक हातून जातात.

याच t नं लाग्रांजसारख्या माणसाला फसवलं. १७८८ च्या आपल्या यामिकीच्या ग्रंथात त्यानं अनेक जोडलेल्या वस्तूंची लहान आंदोलनं घेतली आणि म्हटलं की मुळं सारखी आली की उत्तरात t येणार, हेलकावे वाढत जाणार, समतोल अस्थिर होणार. एका समीकरणाचा धडा त्यानं समीकरणांच्या संचाला लावला. शेजारी शेजारी टांगलेल्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन हुबेहूब स्प्रिंगा घ्या, डॅम्परशिवाय. दोघींचं मिळून ऑक्झिलरी इक्वेशन (r² + 25)² = 0. मुळं दुहेरी आहेत. पण एकीला शेजारीण आहे म्हणून तिचे हेलकावे वाढतील का? शक्यच नाही. t कुठंच येत नाही. अशा डॅम्पर नसलेल्या संचांत सारख्या मुळांमुळं t येत नाही, हे वायरस्ट्रासनं १८५८ साली सर्वसाधारणपणे सिद्ध केलं. सत्तर वर्षं ती चूक पुस्तकात होती.

आता या कुळातली सर्वांत प्रसिद्ध संतती. संमिश्र मुळांना e^((−3+4i)t) असं लिहायला हरकत काय? नियम तोच सांगतो. पण ऑयलरनं तिथं साइन-कोसाइन लिहिले. म्हणजे एकाच स्प्रिंगची दोन उत्तरं झाली. १८ ऑक्टोबर १७४० च्या पत्रात त्यानं योहानला नेमकी हीच गोष्ट लिहिली. आजच्या चिन्हांत मांडायचं तर y″ + y = 0 घ्या; सुरुवातीला y = 2, वेग शून्य. एक उत्तर 2 cos t, दुसरं e^(it) + e^(−it). दोन्ही समीकरण पाळतात, दोन्ही सुरुवातीच्या अटी पाळतात. एका स्प्रिंगला एका जागेवरून एका वेगानं सोडलं तर तिची पुढची चाल एकच असू शकते. म्हणून दोन्ही उत्तरं एकच:

2 cos t = e^(it) + e^(−it)

आपण शिकवतो ते याच्या उलट. आधी ऑयलरचं सूत्र श्रेणी मांडून सिद्ध करतो, मग स्प्रिंगच्या तिसऱ्या साच्यात वापरतो. पत्रांतला क्रम पाहिला तर सूत्र स्प्रिंगच्या पोटचं आहे.

इथं रॉजर कोट्सचा दावा आडवा येतो. १७१४ साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लॉगरिदमच्या भाषेत हाच संबंध छापला होता. तो कशातून आला पाहा: लंबगोल फिरवून होणाऱ्या घनाचं पृष्ठफळ काढताना त्याला एक उत्तर लॉगरिदममध्ये आणि दुसरं कंसामध्ये मिळालं, आणि दोन्ही एकच असली पाहिजेत हे त्यानं ओळखलं. युक्ती तीच, एका प्रश्नाची दोन उत्तरं. ऑयलरच्या पत्राच्या सव्वीस वर्षं आधी कोट्सनं हे छापलं होतं, याबद्दल वाद नाही. पण त्याच्याकडं घातांकी फलन नव्हतं, काळाचा कोसाइन नव्हता, आणि १७१६ साली तो तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याचं वाक्य पुढं कुणी वापरात आणलं नाही. ऑयलर तिथून आला असं दाखवणारी कुठलीच खूण पत्रांत दिसत नाही, उलट समीकरणाच्या दोन उत्तरांचा रस्ता पत्रात स्वच्छ आहे. त्यामुळं पहिलेपणाचा मान कोट्सला द्यावा आणि वंशावळ मात्र स्प्रिंगकडून मोजावी, असं मी म्हणेन.

उरलेला तपशील थोडा आहे. ऑयलर हे सगळं √−1 लिहून करत होता. i हे अक्षर त्यानं १७७७ साली घेतलं. ऑक्झिलरी इक्वेशनचं ‘कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन’ हे दुसरं नाव त्याचं नाही, ते शतकभरानंतर १८४० च्या सुमारास कोशीनं रूढ केलं.

एम-थ्री शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तिन्ही साचे चौकटीत लिहून देण्याआधी y″ + y = 0 फळ्यावर लिहा, y = 2 आणि वेग शून्य ही अट द्या, आणि अर्ध्या वर्गाला ते कोसाइननं, अर्ध्या वर्गाला e^(it) नं सोडवायला लावा. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. त्यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह विद्यार्थ्यांनाच लिहू द्या.